तिसरी प्रत

कोल्हापूरच्या एका पंप-मोटारींच्या वितरकाकडून सोमवारी म्हापशाला माल गेला आणि बुधवारी बिल परत आलं. माल बरोबर होता, दरही बरोबर होता. बिलावरचा पत्ता मात्र सावंतवाडीचा होता, जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता आणि कर सीजीएसटी-एसजीएसटी असा दोन भागांत लावलेला होता. त्या दुकानदाराने सावंतवाडीतलं दुकान आवरून म्हापशात नवं थाटलं होतं, गोव्याची जीएसटी नोंदणी घेतली होती आणि तिचं प्रमाणपत्रही वितरकाला पाठवलं होतं. हिशेब बघणाऱ्या मॅडम पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "मी गुरुवारीच बदललंय की! सेव्ह करून परत उघडून बघितलंय." त्या खरं बोलत होत्या. शुक्रवारी सकाळी मात्र तो बदल नोंदीत नव्हता, आणि तो कुणी माणसाने पुसलेला नव्हता.

या पेढीत ग्राहकाची नोंद दोन ठिकाणी राहते. एक हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, पार्टीचं खातं म्हणून. तिथून बिल निघतं. दुसरी विक्रीच्या अ‍ॅपमध्ये. ती सेल्समनच्या मोबाईलवर असते आणि तिथून ऑर्डर येते. रोज रात्री दोन वाजता एक छोटा प्रोग्राम दोन्हीकडच्या नोंदी जुळवतो. त्याला सगळे 'सिंक' म्हणतात. अशा जुळण्या बसवून देणं हे माझं काम, म्हणून बुधवारी दुपारी फोन मला आला.

त्या गुरुवारी घडलं ते एवढंच. सकाळी ११.२० ला मॅडमनी खात्यात जीएसटी क्रमांक, पत्ता, पिन आणि राज्य बदललं. दुपारी ३.४० ला सेल्समनने त्याच दुकानदाराचा नवा मोबाईल क्रमांक आपल्या अ‍ॅपमध्ये घातला. त्याच्या अ‍ॅपमध्ये पत्ता अजून सावंतवाडीचाच होता, कारण रात्रीची जुळणी व्हायची होती. रात्री दोनला प्रोग्रामने पाहिलं की नोंद दोन्हीकडे बदलली आहे. त्याला दिलेला नियम साधा होता: शेवटी ज्याने बदललं त्याची नोंद खरी. ३.४० हे ११.२० च्या नंतरचं. म्हणून सेल्समनची संपूर्ण नोंद हिशेबाच्या खात्यावर चढली. नवा मोबाईल आला आणि त्याच्यासोबत सावंतवाडीचा पत्ता, ४१६५१० हा पिन आणि २७ चा जुना क्रमांक परत आले. सेल्समनने पत्त्याच्या रकान्याला हातसुद्धा लावलेला नव्हता.

या नियमाला तांत्रिक भाषेत 'लास्ट राइट विन्स' म्हणतात. तो लोकप्रिय आहे, कारण लिहायला चार ओळी पुरतात आणि तो कधीच अडत नाही. अडत नाही हेच त्याचं दुखणं आहे. हरलेला बदल कुठेही नोंदला जात नाही, चूक झाल्याचा संदेश येत नाही आणि सकाळचा अहवाल म्हणतो, सगळ्या नोंदी जुळल्या. तो खोटं बोलत नाही. दोन्हीकडच्या नोंदी खरोखरच सारख्या झालेल्या असतात.

शिवाय 'शेवटी कोणी बदललं' हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मी याच्या उलटा प्रकार पाहिला. तिथे सेल्समन कुरकुरत होते की आमचे बदल टिकतच नाहीत, आणि हिशेब विभागाची मात्र कधीच तक्रार नव्हती. तक्रार नेहमी एकाच बाजूने येत असेल तर आधी घड्याळं तपासावीत. तिथलं विक्रीचं अ‍ॅप वेळ जागतिक प्रमाणात, म्हणजे यूटीसीमध्ये, साठवत होतं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर भारतीय वेळेत. दोन्हींत साडेपाच तासांचं अंतर. दुपारी ३.४० चा बदल अ‍ॅपमध्ये `10:10:00Z` असा दिसायचा, शेवटचा `Z` म्हणजे यूटीसी. सकाळी ११.२० चा बदल हिशेबात नुसता `11:20:00`. प्रोग्राम `Z` कडे न बघता आकडे पडताळायचा आणि सकाळचा बदल दुपारनंतरचा ठरवायचा. ते दुरुस्त केलं तरी मोबाईल उरतोच. आंबोली घाटात रेंज नसताना केलेला बदल संध्याकाळी सर्व्हरवर पोचतो. त्याची वेळ केल्याची धरायची की पोचल्याची? कोणतीही धरा, ती वेळ बदल खरा आहे की नाही हे सांगत नाही. ३.४० ला टाकलेला मोबाईल क्रमांक हा ११.२० च्या जीएसटी क्रमांकाचा प्रतिस्पर्धी नव्हताच.

प्रोग्राम हे ओळखू शकला नाही, कारण त्याच्यासमोर दोनच प्रती होत्या. हिशेबात म्हापसा, अ‍ॅपमध्ये सावंतवाडी. यांतलं नवं कोणतं? नुसत्या दोन प्रती समोर ठेवून हे कुणालाच सांगता येणार नाही. दुकानदार गोव्यातून सावंतवाडीला परतला असता तरी चित्र हुबेहूब असंच दिसलं असतं. उत्तर मिळवायला तिसरी प्रत लागते: मागच्या जुळणीनंतर, दोन्हीकडे नोंद सारखी असताना, ती कशी होती. ही मूळ प्रत हिशेबात नसते आणि अ‍ॅपमध्येही नसते. जुळणीच्या प्रोग्रामने ती स्वतःच्या जवळ, वेगळ्या तक्त्यात ठेवायची असते. प्रोग्रामर मंडळी एकाच फाईलमध्ये दोघांनी केलेले बदल एकत्र करताना हेच करतात. गिट हे त्यांचं रोजचं साधन याच तीन प्रतींच्या तुलनेवर चालतं. ग्राहकांच्या नोंदींच्या बाबतीत मात्र ही प्रत ठेवायचा कंटाळा केला जातो, जागा तर किती थोडी लागते!

आता तोच गुरुवार मूळ प्रत हाताशी धरून पाहू, आणि नोंद अखंड न घेता रकाना-रकाना पाहू. पत्ता: मूळ प्रतीत सावंतवाडी, अ‍ॅपमध्ये सावंतवाडी, हिशेबात म्हापसा. म्हणजे अ‍ॅपने काही बदललेलं नाही, बदल फक्त हिशेबाने केला. म्हापसा दोन्हीकडे जाईल. मोबाईल: मूळ प्रतीत जुना, हिशेबात जुना, अ‍ॅपमध्ये नवा. नवा दोन्हीकडे जाईल. जीएसटी क्रमांक, पिन, राज्य: पत्त्यासारखंच. वाद कुठेच नाही. घड्याळाची गरजही पडली नाही. 'दोन्हीकडे बदललेली नोंद' म्हणून ज्यांची धास्ती घेतली जाते, त्यांतला मोठा भाग असाच असतो: दोघांनी एकाच माणसाबद्दल वेगवेगळ्या गोष्टी सुधारलेल्या. मूळ प्रत सापडली की ते तंटे आपोआप मिटतात.

उरतो तो खरा तंटा: एकच रकाना, दोघांनी बदललेला आणि वेगवेगळा बदललेला. दोघांनी सारखंच घातलं असेल तर वाद नाही, पण 'सारखं' हेही नीट ठरवावं लागतं. एकाने मोबाईलच्या आधी +९१ लावलं, दुसऱ्याने शून्य. एकाने पाच आकड्यांनंतर जागा सोडली. एकाने 'रोड' पूर्ण लिहिलं, दुसऱ्याने आखूड. तुलनेपूर्वी क्रमांकाचे शेवटचे दहा आकडेच धरायचे आणि मोकळ्या जागा काढून टाकायच्या, एवढं केलं तरी खोटे तंटे खूप कमी होतात. हे न करता एका पेढीत मी तंट्यांची यादी सुरू केली होती. तिसऱ्या दिवशी ती कुणी उघडेना. चूक माझीच होती.

आता रकान्या-रकान्याने जुळवण्याचा धोका. पुढच्या आठवड्यात सेल्समन म्हापशाला जाऊन आला आणि त्याने अ‍ॅपमध्ये पत्त्याची पहिली ओळ बदलली: करासवाड्याचा औद्योगिक वसाहतीतला गाळा. त्याच दिवशी मॅडमनी प्रमाणपत्र बघून दुसरी ओळ सुधारली: बाजारपेठेतली इमारत आणि रस्ता. प्रत्येक रकाना एकाच बाजूने बदललेला, म्हणजे प्रोग्रामच्या लेखी तंटा नाही. जुळून आला तो असा पत्ता: वर करासवाड्याचा गाळा, खाली बाजारातला रस्ता. असं ठिकाण पृथ्वीवर कुठेच नाही. दोन्ही माणसं बरोबर, नियमही बरोबर आणि पत्ता खोटा.

म्हणून काही रकाने एकमेकांना बांधावे लागतात. पत्त्याच्या ओळी, गाव, पिन आणि राज्य हा एक गठ्ठा. गठ्ठ्यातलं काहीही दोन्हीकडे बदललं तर पूर्ण गठ्ठा वादात आहे असं समजायचं. घ्यायचा तर एका बाजूचा अख्खा घ्यायचा. जीएसटी क्रमांक याच गठ्ठ्यात येतो, कारण त्याच्या पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची असतात: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९. पुढची दहा पॅनची, ती राज्य बदललं तरी तीच राहतात. कोल्हापुरातला विक्रेता गोव्यात माल पाठवतो तेव्हा आयजीएसटी लागतो, राज्यातल्या राज्यात सीजीएसटी आणि एसजीएसटी. गठ्ठा फुटला तर कर चुकीच्या शीर्षाखाली जातो. मग योग्य शीर्षाखाली नव्याने भरायचा आणि आधीचा परत मागायचा, असा फेरा सुरू होतो.

गठ्ठा फुटला आहे हे ओळखण्याची सोय या आकड्यांतच आहे. ४० ते ४४ ने सुरू होणारे पिन महाराष्ट्राचे, पण ४०३ हे गोव्याचे. म्हणजे पिन ४०३५०७, राज्य गोवा आणि क्रमांक २७ ने सुरू होणारा, अशी नोंद जुळणीतून बाहेर पडत असेल तर ती लिहूच द्यायची नाही. ई-इन्व्हॉइसच्या सरकारी पोर्टलवर पिन आणि राज्य जुळत नसेल तर बिल नाकारलं जातं, पण तोवर गाडी भरलेली असते. तीच तपासणी आपण रात्री दोनला केलेली बरी.

जाता जाता एक गोष्ट, जी मॅडमनाही नंतर पटली. राज्य बदलून नवा जीएसटी क्रमांक आला की कायद्याच्या नजरेत तो वेगळा नोंदणीधारक असतो. जुनं खातं बदलण्याऐवजी नवं उघडायला हवं होतं. जुनी येणी जुन्या खात्यावर होती म्हणून त्यांनी तेच खातं बदललं. त्यामुळे जुन्या बिलांवर आणि नव्या बिलांवर एकच खातं दोन राज्यांचं झालं. जुळणीचा प्रोग्राम कितीही हुशार केला तरी तो हे सांगणार नाही. दोन प्रतींतला वाद कधीकधी एवढंच म्हणत असतो की इथे ग्राहक एक नाही, दोन आहेत.

मग खऱ्या तंट्यात कुणाचं ऐकायचं? सर्वांत टिकाऊ उत्तर म्हणजे रकान्याला मालक नेमणं. जीएसटी क्रमांक, बिलाचा पत्ता, क्रेडिट लिमिट हिशेबाच्या मालकीचे. दुकानात भेटणाऱ्या माणसाचं नाव, मोबाईल, भेटीचा वार विक्रीच्या मालकीचे. येणं बाकी किती हा आकडा तर दोन्हीकडून बदलायचाच नसतो. तो बिलांवरून आणि जमेवरून निघतो, अ‍ॅपने फक्त बघावा. 'मला मेसेज पाठवू नका' यासारखा रकाना मालकीवर सोडू नये: दोघांपैकी एकाकडे जरी नकार नोंदला असेल तरी नकारच धरायचा.

मालकी ठरवायला एका दुपारची बैठक लागते आणि त्या बैठकीत भांडण होतं. होऊ द्यावं. कोल्हापूरच्या या बैठकीत पाऊण तास क्रेडिट लिमिटवर गेला. सेल्समनचं म्हणणं, "दुकानदाराची ऐपत मला कळते, मॅडमना नाही." शेवटी मालकांनी ठरवलं की अ‍ॅपमध्ये 'मागितलेलं लिमिट' असा वेगळा रकाना करायचा. मंजूर लिमिट हिशेबात राहील आणि अ‍ॅपमध्ये फक्त दिसेल. त्या रकान्यावरचे तंटे त्या दिवशी संपले, कारण दोघं आता एकाच रकान्यात लिहीत नव्हते.

मालकी ठरली तरी हरलेला बदल फेकायचा नाही. तो तंट्यांच्या यादीत जातो. यादीत प्रत्येक ओळीवर तीन किमती शेजारी-शेजारी दिसल्या पाहिजेत, मूळ, हिशेबाची आणि अ‍ॅपची, आणि कुणी, केव्हा बदललं तेही. मूळ किंमत न दाखवणाऱ्या याद्या मी पाहिल्या आहेत. बघणारा बिचारा दोन पत्त्यांकडे बघत अंदाज बांधतो. निर्णय होईपर्यंत नोंदीचे बाकीचे रकाने जुळत राहतात, फक्त वादातला गठ्ठा दोन्हीकडे आहे तसा थांबतो. कराशी संबंधित गठ्ठा असेल तर त्या पार्टीचं बिलही थांबवावं.

इथे एक बारीक चूक फार जणांकडून होते. जुळणी संपली की प्रोग्राम मूळ प्रत ताजी करतो. वादात थांबलेल्या रकान्याची मूळ प्रत मात्र तशीच राहू दिली पाहिजे. ती हिशेबाच्या किमतीने ताजी केली, तर दुसऱ्या रात्री प्रोग्रामला वाटतं की बदल फक्त अ‍ॅपने केलाय, आणि तो यादीत कुणी बघायच्या आत तंटा 'सोडवून' टाकतो. यादीतल्या ओळी कुणी हात न लावता नाहीशा होत असतील तर कारण बहुतेक हेच असतं.

दुसरी नेहमीची चूक प्रतिध्वनीची. प्रोग्रामने अ‍ॅपमध्ये म्हापसा लिहिलं की अ‍ॅपच्या दृष्टीने ती नोंद आत्ता बदलली. पुढच्या फेरीत तो बदल 'नवा' म्हणून हिशेबाकडे येतो, तिथली वेळ बदलते, आणि तो परत अ‍ॅपकडे. कुणी काही केलेलं नसताना रोज रात्री त्याच नोंदी बदललेल्या दिसतात. कामावर असलेल्या माणसांच्या संख्येच्या मानाने बदलांचा आकडा फुगलेला दिसला की हे ओळखावं. मूळ प्रतीशी तुलना केली तर हा फेरा थांबतो, कारण किमती सारख्याच आहेत, वेळ काहीही असो.

"मग सिंक दर पंधरा मिनिटांनी चालवा की," असं मालक म्हणाले. चालवावी, तंटे कमी होतात. पण दिवसा चालवली की नवी फट पडते: प्रोग्रामने नोंद वाचली आणि लिहिली, त्या मधल्या क्षणांत कुणीतरी तीच नोंद सेव्ह केली. त्यासाठी लिहिण्याच्या क्षणी पुन्हा बघावं लागतं की नोंदीचा आवृत्ती-क्रमांक वाचला होता तोच आहे ना. बदलला असेल तर लिहायचं नाही, पुन्हा वाचून पुन्हा जुळवायचं. मागच्या फेरीची वेळ टिपतानाही फेरी सुरू झाल्याची टिपावी, संपल्याची नाही. नाहीतर फेरी चालू असताना झालेले बदल दोन फेऱ्यांच्या मध्ये पडून राहतात.

नोंद एकाने काढून टाकली आणि दुसऱ्याने सुधारली, हा प्रकार वेगळाच. अमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ साली डायनॅमो या आपल्या साठवणव्यवस्थेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात खरेदीच्या टोपलीचं उदाहरण आहे. टोपलीच्या दोन प्रती निघाल्या तर दोन्हींतल्या वस्तू एकत्र करायच्या, असा त्यांचा मार्ग. त्यामुळे टाकलेली वस्तू हरवत नाही, पण काढलेली वस्तू कधीकधी परत टोपलीत उगवते. दुकानाला ते परवडतं. ग्राहकांच्या यादीत बंद केलेली पार्टी पुन्हा उगवली तर सेल्समन तिथे ऑर्डर घ्यायला जातो. म्हणून जुळणाऱ्या नोंदी पुसायच्याच नाहीत, 'बंद' अशी खूण करायची. मग पुसणं हाही एक साधा रकाना होतो आणि त्याच तीन प्रतींत तपासता येतो.

या सगळ्याचा उपयोग नाही तो पहिल्या रात्री. दोन व्यवस्था पहिल्यांदा जोडताना मूळ प्रत नसतेच. तेव्हा मालकीचा नियम लावून उरलेलं माणसांनीच बघायचं. कोल्हापूरला मॅडम आणि दोन सेल्समन तीन दुपारी बसले होते, चहाचे हिशेब वेगळे.

म्हापशाच्या त्या पत्त्याचं पुढे काय झालं ते सांगतो. गठ्ठा बांधल्यावर तो वाद यादीत आला: हिशेबाचा बाजारपेठेतला, अ‍ॅपचा करासवाड्याचा. मालकीने हिशेब जिंकला. चार दिवसांनी तोच वाद पुन्हा यादीत, मग पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. सेल्समन दर वेळी करासवाडा घालायचा, मॅडम दर वेळी प्रमाणपत्र दाखवायच्या. तिसऱ्या वेळी मॅडमनी सरळ दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"अहो, तुमचा नक्की पत्ता कुठला?"

"बिलावर बाजारातला घाला, मॅडम. माल मात्र करासवाड्याच्या गोदामात उतरवा. बाजारात टेम्पो वळत नाही."

संध्याकाळी अ‍ॅपमध्ये 'माल उतरवण्याचा पत्ता' असा दुसरा गठ्ठा तयार झाला, विक्रीच्या मालकीचा.